कर्जखात्यात ठेवलेले सहा लाख

गेल्या वर्षी माझ्या मावसभावाने ठाण्यात फ्लॅट घेतला. डोंबिवलीची जुनी खोली विकली, वर पन्नास लाखांचं कर्ज काढलं. नोंदणी, कपाटं, पंखे, सोसायटीची वर्गणी हे सगळं होऊन हातात सहा लाख उरले. मी बँकेच्या कर्जविभागात एकवीस वर्षं काढली, त्यामुळे घरातल्या कुणाच्याही हातात पैसे उरले की फोन मला येतो.

"ताई, हे सहा लाख कर्जात भरून टाकू का? डोक्यावरचा भार तेवढा कमी."

"मावशीच्या गुडघ्याचं काय म्हणाले डॉक्टर?"

"ऑपरेशन लागेल म्हणालेत. कधी ते नक्की नाही. आणि पोराची इंजिनिअरिंगची ॲडमिशन दोन वर्षांनी आहेच."

म्हणजे पैसे उरलेले होते, पण मोकळे नव्हते. मध्यमवर्गीय घरात पैसा बहुतेक वेळा याच अवस्थेत असतो. कर्जात भरावा तर परत निघत नाही. उद्या गरज पडली की टॉप-अपसाठी पुन्हा अर्ज करा, नाहीतर महागडं वैयक्तिक कर्ज काढा. बचत खात्यात ठेवावा तर अडीच टक्के मिळतात, आणि तीच बँक आपल्याकडून कर्जावर आठ टक्के घेते. मोबाइलच्या एकाच पडद्यावर वर बचत खातं दिसतं, खाली कर्जखातं दिसतं, आणि मधल्या साडेपाच टक्क्यांची झीज मात्र कुठेच छापलेली नसते.

यावर बँकांनीच काढलेला एक तोडगा आहे: ओव्हरड्राफ्ट पद्धतीचं गृहकर्ज. स्टेट बँकेचं मॅक्सगेन हे त्यातलं सगळ्यांत ओळखीचं नाव. बँक ऑफ बडोदाची होम लोन ॲडव्हान्टेज आणि आयडीबीआयची होम लोन इंटरेस्ट सेव्हर याच जातीतल्या. गृहवित्त कंपन्यांकडे चालू किंवा बचत खातीच नसतात, म्हणून तिथे सहसा ही सोय मिळत नाही.

व्यापाऱ्याला ही कल्पना समजावून सांगावी लागत नाही. त्याचं कॅश क्रेडिट खातं असतं. बँकेने मर्यादा ठरवून दिलेली असते, संध्याकाळी गल्ल्यातली रोकड तो खात्यात टाकतो, सकाळी माल उचलताना पुन्हा चेक फाडतो. रात्रभर पैसे खात्यात राहिले तर रात्रभराचं व्याज वाचलं, इतका साधा हिशेब. गृहकर्जाचा ओव्हरड्राफ्ट म्हणजे नोकरदाराला मिळालेलं कॅश क्रेडिटच. फरक एकच, इथली मर्यादा दर महिन्याला थोडी थोडी खाली उतरते आणि वीस वर्षांनी शून्यावर येते. या उतरत्या मर्यादेला बँकेत ड्रॉइंग पॉवर म्हणतात, बोलताना नुसतं डीपी.

भावाचा पहिला महिना बघू. त्याच्या कर्जाचा दर ८.४ टक्के, मुदत वीस वर्षं, हप्ता ४३,०७५ रुपये. साधं कर्ज असतं तर पहिल्या महिन्यात पन्नास लाखांवर ३५,००० रुपये व्याज लागलं असतं आणि हप्त्यातले उरलेले ८,०७५ मुद्दलात गेले असते. त्याने कर्ज मिळाल्याबरोबर सहा लाख त्याच खात्यात टाकले. आता बँकेच्या दृष्टीने त्याने वापरलेली रक्कम चव्वेचाळीस लाख. व्याज तेवढ्यावरच लागलं: ३०,८००. (सोयीसाठी सगळे महिने सारखे धरले आहेत. प्रत्यक्षात एकतीस दिवसांच्या महिन्यात जरा जास्त आणि फेब्रुवारीत जरा कमी लागतं.)

हप्ता मात्र तेवढाच राहिला, ४३,०७५. लोक गोंधळतात ते इथेच. व्याज कमी झालं, मग हप्ता का कमी होत नाही? कारण हप्ता आणि मर्यादा दोन्ही जुन्या वेळापत्रकानेच चालतात. त्या महिन्यात ड्रॉइंग पॉवर ठरल्याप्रमाणे ८,०७५ ने उतरून ४९,९१,९२५ झाली. खात्यातली येणे रक्कम चव्वेचाळीस लाख, अधिक ३०,८०० व्याज, वजा ४३,०७५ हप्ता, म्हणजे ४३,८७,७२५. या दोहोंतला फरक म्हणजे त्याला कधीही काढता येण्याजोगी रक्कम. ती भरली ६,०४,२००. सहा लाख ठेवले होते, महिन्याने सहा लाख चार हजार दोनशे झाले. वाचलेलं व्याज नाहीसं झालं नाही, बँकेने परतही दिलं नाही. ते त्याच्या उपलब्ध रकमेत जाऊन बसलं आणि पुढच्या महिन्यापासून स्वतःही व्याज वाचवू लागलं. असंच चालू राहिलं की ठेवलेली रक्कम वर चढते, मर्यादा खाली येते आणि वीस वर्षांच्या बरीच आधी दोघींची गाठ पडते. त्या दिवशी कर्ज फिटलेलं असतं. त्यानंतर त्या खात्यात पैसे घालत राहण्यात अर्थ नाही, कारण येणे शून्य झाल्यावर वरच्या शिलकीवर बँक व्याज देत नाही.

सगळ्या बँकांचा साचा मात्र एकच नाही. मॅक्सगेनसारख्या प्रकारात कर्जखातंच ओव्हरड्राफ्ट असतं, पैसे थेट त्यातच पडतात. बडोद्याच्या प्रकारात कर्जाला एक बचत खातं जोडलेलं असतं, आणि दिवसअखेर त्यात जी शिल्लक असेल तेवढी कर्जातून वजा धरून व्याज काढतात. जोडखात्यातल्या अशा रकमेवर वेगळं बचतीचं व्याज मिळत नाही. काही योजनांत किती रक्कम वजा धरायची यालाही कमाल मर्यादा असते, तेव्हा ते आधी विचारावं. हिशेब दोन्हीकडे रोजचाच असतो. दिवस संपताना खात्यात काय होतं तेच मोजतात. दुपारी आले आणि संध्याकाळी गेले त्या पैशांना कुणी हिशेबात धरत नाही.

रोजच्या हिशेबाचा एक आकडा मी भावाला पाठ करायला लावला. ८.४ टक्क्यांनी एक लाख रुपये एक दिवस ठेवले तर २३ रुपये वाचतात. एवढं लक्षात राहिलं की बाकीचं तोंडी करता येतं. दहा दिवसांनी कुणाला तरी सहा लाख द्यायचे आहेत, तोवर ते इथे ठेवले तर तेराशे ऐंशी रुपये वाचले. त्याच वेळी लोकांच्या एका लाडक्या समजुतीतली हवाही निघून जाते. "पगार या खात्यात घ्या, खर्च इथूनच करा, बघा किती व्याज वाचतं," असं एजंट सांगतो. करून बघू. समजा, हप्ता जाऊन महिन्याच्या खर्चाला एक लाख उरतात आणि महिनाभरात ते हळूहळू संपतात. म्हणजे सरासरी पन्नास हजार खात्यात राहिले. वर्षाला ४,२०० रुपये वाचले. बचत खात्यात त्यावर साडेबाराशे मिळालेच असते. निव्वळ फायदा महिन्याला अडीचशेच्या आत. त्यासाठी दूधवाल्यापासून शाळेच्या बसपर्यंत सगळे व्यवहार कर्जखात्यातून करायचे आणि महिनाअखेर पानभर नोंदींतून व्याजाची ओळ शोधत बसायची. मी तरी सांगत नाही कुणाला. या खात्याचा खरा उपयोग थांबून राहणाऱ्या पैशाला आहे: आजारपणासाठी बाजूला ठेवलेला, फीसाठी साठत चाललेला, दिवाळीचा बोनस, गावच्या जमिनीचे आलेले पैसे.

आता किमतीकडे येऊ, कारण बँक ही सोय फुकट देत नाही. ओव्हरड्राफ्टवाल्या कर्जाचा दर साध्या गृहकर्जापेक्षा बहुतेक ठिकाणी थोडा जास्त असतो. भावाला साधं कर्ज आठ टक्क्यांनी मिळत होतं, हे ८.४ ने मिळालं. ०.४ म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण हा जादा दर ठेवलेल्या सहा लाखांवर नाही, सगळ्या पन्नास लाखांवर लागतो. वर्षाला वीस हजार रुपये. पैसे ठेवले नाहीत तरी ते द्यावे लागतात.

म्हणून तीन वाटा शेजारी मांडून बघितल्या. सगळा हिशेब पहिल्या वर्षाचा आणि ढोबळ आहे.

पहिली वाट, साधं आठ टक्क्यांचं कर्ज आणि सहा लाख मुदत ठेवीत. ठेवीवर साडेसहा टक्के धरले तर वर्षाला ३९,०००. भाऊ तीस टक्क्यांच्या पट्टीत आहे, उपकरासह ३१.२ टक्के कर जातो. हातात उरतात जेमतेम २६,८००. वाचलेल्या व्याजावर मात्र कर नसतो, कारण ते उत्पन्नच नाही. खर्च न झालेल्या पैशावर आयकर खातं हात टाकू शकत नाही. या योजनेचं अर्धं बळ इथे आहे.

दुसरी वाट ओव्हरड्राफ्टची. सहा लाखांवर ८.४ टक्क्यांनी वाचले ५०,४००. त्यातून जादा दराचे वीस हजार वजा केले की राहिले ३०,४००. म्हणजे मुदत ठेवीपेक्षा फायदा साडेतीन हजारांचा. भावाचा चेहरा पडला. त्याला कुणीतरी लाखांत सांगितलं होतं.

तिसरी वाट, साध्या कर्जात सहा लाख सरळ भरून टाकायचे. बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतीआधी पैसे भरल्याबद्दल बँकेला दंड घेता येत नाही. २०१२ मध्येच रिझर्व्ह बँकेने तो बंद केला. या वाटेने वाचतात ४८,०००, आणि जादा दर नाहीच. ओव्हरड्राफ्टपेक्षा १७,६०० रुपये जास्त.

हा १७,६०० चा आकडा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. सहा लाख कर्जातही राहावेत आणि मागितले की परतही मिळावेत, या सोयीचं ते वर्षाचं भाडं आहे. दिवसाला अठ्ठेचाळीस रुपये. ज्याला हे पैसे कधीच परत लागणार नाहीत त्याने हे भाडं द्यायचं कारण नाही, त्याने सरळ कर्जात भरावेत. ज्याला नक्की लागणार आहेत पण दोन वर्षांनी, आणि जो कमी कराच्या पट्टीत आहे, त्याला मुदत ठेवही वाईट नाही. ओव्हरड्राफ्ट त्याच्यासाठी, ज्याला पैसे लागतील हे ठाऊक आहे पण कधी ते ठाऊक नाही. मावशीचा गुडघा तारीख देत नव्हता.

आणि रक्कम किती हेही बघायला हवं. जादा दराचे वीस हजार भरून निघाले पाहिजेत ना. भावाच्या आकड्यांनी, बचत खात्याशी तुलना केली तर सरासरी तीन लाख चाळीस हजार वर्षभर ठेवल्याशिवाय बरोबरी होत नाही. मुदत ठेवीशी तुलना केली तर पाच लाखांच्या थोडं वर जावं लागतं. म्हणजे कर्जाच्या साधारण एक दशांश रक्कम कायम ठेवता येत नसेल तर साधं कर्ज बरं. एखाद्या बँकेने जादा दर लावलाच नाही तर हा सगळा वादच मिटतो, मग आहेत तेवढे ठेवावेत. पण असा प्रस्ताव आला तर तो साध्या कर्जाच्या दराशीच जोडून बघावा, आणि तोही त्याच दिवशीच्या. २०१९ च्या ऑक्टोबरपासून बँकांची नवी बदलत्या दराची गृहकर्जं बाहेरच्या मापदंडाला, बहुतेक ठिकाणी रेपोला, बांधलेली असतात. रेपो वर-खाली होतो तेव्हा दोन्ही कर्जं बरोबरच हलतात, मधलं अंतर मात्र तुमच्या करारात लिहिलेलं असतं आणि ते तसंच राहतं. म्हणून घासाघीस करायची ती या अंतराची. दोन दशांश कमी झालं तर भावाचे वर्षाला दहा हजार सुटले असते.

याहूनही चांगली एक युक्ती आहे, पण ती आपणहून कुणी सांगत नाही. काही बँका कर्जाचे दोन तुकडे करून देतात, एक साधा आणि एक ओव्हरड्राफ्टचा. पन्नासपैकी पस्तीस लाख आठ टक्क्यांनी साधे घ्यायचे आणि पंधरा लाखांचाच ओव्हरड्राफ्ट. जादा दर फक्त पंधरा लाखांवर लागतो, वर्षाला सहा हजार. सहा लाख त्यात ठेवले की पैसे परत काढण्याच्या सोयीचं भाडं १७,६०० वरून ३,६०० वर येतं. पुढच्या काही वर्षांत आपण जास्तीत जास्त किती ठेवू शकू याचा अंदाज बांधायचा आणि तेवढाच तुकडा ओव्हरड्राफ्टचा मागायचा. भावाच्या बँकेत असं होत नव्हतं. दुसरीकडे हलवावं तर पुन्हा कायदेशीर तपासणी, मूल्यांकन, मुद्रांक. त्याने नको म्हटलं.

हिशेब जमला तरी काउंटरवर घोटाळा व्हायचा तो होतोच. दोन महिन्यांनी वहिनीला शाळेकडून वेतनफरकाचे दीड लाख मिळाले. ती चेक घेऊन शाखेत गेली आणि "कर्जखात्यात भरायचेत" म्हणाली. समोरच्याने तिच्या हातात फॉर्म ठेवला, तिने सही केली, पोचपावती घेऊन घरी आली. संध्याकाळी भावाने ॲप उघडलं. सकाळी उपलब्ध रक्कम ६,०८,४२९ दिसत होती, चेक जमा झाल्यावर ती ७,५८,४२९ व्हायला हवी होती. ती ६,०८,४२९ वरच होती.

"पैसे गेले कुठे, ताई?"

"डीपी बघ."

ड्रॉइंग पॉवर दीड लाखाने खाली आली होती. फॉर्म होता पार्ट पेमेंटचा, अंशतः परतफेडीचा. येणे रक्कम दीड लाखाने घटली, मर्यादाही तेवढ्याच रकमेने घटली, म्हणून मधला फरक जागचा हलला नाही. व्याज वाचणार होतं, पण ते दीड लाख परत काढता येणार नव्हते. बँकेने काही गिळलं नव्हतं. गिऱ्हाईक "भरायचेत" म्हणतं तेव्हा नव्वद टक्के वेळा त्याला परतफेडच करायची असते, आणि टेबलापलीकडच्या माणसाने रोजच्या सवयीने फॉर्म पुढे केला होता. मीही असे फॉर्म पुढे केले असतील. अर्ज, मग आठवण, मग शाखाधिकाऱ्यांची भेट, असं करत पाच आठवड्यांनी नोंद उलटी झाली. तेव्हापासून वहिनी पैसे शाखेत नेत नाही, आपल्या बचत खात्यातून ऑनलाइन कर्जखात्यात टाकते, आणि टाकल्यावर तीन आकडे बघते: ड्रॉइंग पॉवर, येणे आणि उपलब्ध. पहिल्यातून दुसरा वजा केला की तिसरा आलाच पाहिजे, आणि पैसे टाकल्यावर पहिला हलताच कामा नये.

दुसरा घोटाळा हप्त्याचा. खात्यात सहा लाख पडलेत, मग या महिन्याचा हप्ता त्यातूनच जाईल, असं भावाला वाटलं होतं. हप्ता बाहेरून यावा लागतो. तो आला नाही तर व्याजाचे तीस हजार येणे रकमेत चढतात आणि मर्यादाही आठ हजारांनी उतरते. एका महिन्यात काढता येण्याजोगी रक्कम जवळपास एकोणचाळीस हजारांनी खाली येते. काही बँका याला हप्ता चुकला असंच धरतात. म्हणून बचत खात्यातून हप्त्याची स्थायी सूचना आधीसारखीच चालू ठेवायची.

बांधकाम चालू असलेल्या इमारतीत घर घेणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. बँक स्लॅबप्रमाणे पैसे देते, तशी मर्यादाही टप्प्याटप्प्याने वाढते. पन्नास लाख मंजूर असले तरी आतापर्यंत पंधराच दिले असतील तर ठेवायलाही पंधरा लाखांचीच जागा आहे.

कराचा प्रश्न लोक हमखास विचारतात. ठेवलेली रक्कम म्हणजे मुद्दलाची परतफेड नव्हे, त्यामुळे जुन्या करप्रणालीतली मुद्दलावरची वजावट तिच्यावर मिळत नाही. व्याजाची वजावट प्रत्यक्ष लागलेल्या व्याजावरच मिळते, आणि ते तर कमी झालेलं असतं. पण स्वतः राहत्या घरासाठी तिला वर्षाला दोन लाखांची मर्यादा आहे. भावाचं व्याज सहा लाख ठेवूनही तीन लाख सत्तर हजारांच्या आसपास जातं, म्हणजे त्याच्या एकट्याच्या वजावटीला धक्काही लागत नाही. नवी करप्रणाली घेतली असेल तर राहत्या घराच्या व्याजावर वजावट मुळातच नाही, म्हणून गमावण्यासारखंही काही नाही. घर आणि कर्ज दोघांच्या नावावर असून दोघंही जुन्या प्रणालीत दोन-दोन लाख दाखवत असतील, तर मात्र वाचलेल्या व्याजातून गेलेली वजावट वजा करून बघावी.

सगळेच पैसे इथे ठेवू नयेत, हे मी भावाला दोनदा सांगितलं. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले, तेव्हा खातेदारांना सुरुवातीला हजार रुपयेच काढता येत होते. मुंबई-ठाण्यात ज्यांची खाती होती त्यांना ते दिवस सांगायला नकोत. ओव्हरड्राफ्टमध्ये ठेवलेला पैसा तांत्रिकदृष्ट्या ठेव नसतो. आपण बँकेचं तेवढं देणं लागत नाही, एवढाच त्याचा अर्थ. त्यामुळे बँक अडचणीत आली तरी तो बुडत नाही, पण मर्यादा गोठली तर हाताशीही राहत नाही. हप्ते थकले तर बँक स्वतःही मर्यादा रोखू शकते, आणि हप्ते थकतात ते नेमके पैसे लागतात त्याच दिवसांत. म्हणून दीडेक महिन्याचा खर्च दुसऱ्या बँकेत. भावाने एक लाख ठेवलेत.

आणि एक बारीक गोष्ट. या खात्याला चेकबुक असतं, कुठे कुठे एटीएम कार्डही असतं. पडद्यावर "उपलब्ध रक्कम सहा लाख" असं लिहिलेलं दिसतं. ते आपलेच पैसे आहेत हे खरं, पण काढले की ते कर्ज असतं, ८.४ टक्क्यांचं, आणि ते काढताना कुणी सही मागत नाही की कारण विचारत नाही. माझ्या नोकरीत मी अशी खाती पाहिली, ज्यांत पहिली दोन वर्षं उपलब्ध रक्कम चढत गेली आणि मग एका मोटारीच्या डाउन पेमेंटला सगळी निघून गेली. त्यानंतर पुढची सगळी वर्षं जादा दर तेवढा चालू राहिला. अशा माणसाला कर्जात भरून टाकलेला पैसाच बरा. कार्ड असेल तर ते मी भावाला कपाटात ठेवायला सांगितलं. त्याने वहिनीकडे दिलं.

मावशीचं ऑपरेशन फेब्रुवारीत झालं. विमा कंपनीने कॅशलेस नाकारलं, आधी भरा मग परत घ्या म्हणाले. भावाने रुग्णालयाच्या काउंटरवर उभं राहून कर्जखात्यातून २,८०,००० रुपये पाठवले. सत्तेचाळिसाव्या दिवशी विम्याचे २,१०,००० आले, ते त्याने त्याच संध्याकाळी परत टाकले. सत्तेचाळीस दिवसांचं दोन लाख ऐंशी हजारांवरचं व्याज त्याने २३ च्या आकड्याने तोंडी काढलं, तीन हजार सत्तावीस. खातेउतारा आल्यावर मी ते पडताळून पाहिलं, दोन रुपयांचा फरक होता.